पालीसाठी घड्याळ

गेल्या दिवाळीपासून आमच्या वर्ध्याच्या घरातल्या पालीला रात्री किती वाजले ते मिनिटासकट कळतं. तिने तशी कधी मागणी केली नव्हती. पण माझा नवा फोन रात्रभर टेबलावर उताणा पडून छताकडे बघत वेळ दाखवत असतो, आणि त्या वेळी छतावर तिच्याशिवाय कोणी नसतं.

ही सोय पुण्याच्या भाच्याने करून दिली. दिवाळीत आला तेव्हा फोन हातात घेऊन तो दहा मिनिटं खाटेवर मांडी घालून बसला आणि परत देताना म्हणाला, "मामाजी, आता हा कधीच झोपणार नाही." हे तो कौतुकाने म्हणाला. घरातल्या माणसाबद्दल कोणी असं सांगितलं तर आपण त्याला डॉक्टरकडे नेतो.

त्याने दोन गोष्टी केल्या होत्या. एक, `Always On Display` नावाचं बटण सुरू केलं, म्हणजे कुलूप लागल्यावरही काळ्या पडद्यावर घड्याळ दिसत राहतं. दुसरी, पडद्याचा रिफ्रेश रेट ६० वरून १२० वर नेला. म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठऐवजी एकशेवीस वेळा नव्याने काढलं जाणार. दुकानदारानेही विकताना हाच आकडा सांगितला होता. "सर, एकशेवीसचा डिस्प्ले आहे, टच तर दोनशे चाळीसचा." मी दोन्हींची बेरीज करून खूश झालो. हा दुसरा आकडा बोट कुठे टेकलंय हे फोन सेकंदाला किती वेळा तपासतो त्याचा असतो आणि चित्राशी त्याचा काही संबंध नाही, हे मला फार उशिरा कळलं. माझं बोट सेकंदाला एकदाही धड टेकत नाही.

आता एका सेकंदात एकशेवीस चित्रं म्हणजे काय, तर दर ८.३ मिलिसेकंदांना एक. साठाच्या हिशेबात तो अवधी १६.७ मिलिसेकंदांचा होता. मधल्या आठ मिलिसेकंदांत माझी काय गैरसोय होत होती हे मी आठवून पाहिलं. वर्धा-नागपूर पॅसेंजर ज्याने वर्षानुवर्षं धरली आहे, त्याला आठ मिलिसेकंद वाचवून देणं हा मोठ्या मनाचा प्रकार आहे. बातम्या बोटाने वर सरकवताना अक्षरं आता लोण्यासारखी सरकतात, हे मात्र मान्य. पूर्वी ती थोडी फरफटत जायची. बातम्या त्याच आहेत.

फोनशी भांडणाचं कारण मार्चमध्ये घडलं. संध्याकाळी नागपूरहून परतताना सिंदीच्या अलीकडे फोन बंद पडला. माझा महिन्याचा पास फोनमध्ये असतो. तिकीट तपासनीस नेमके तेव्हाच आले. काळा पडलेला फोन मी त्यांच्यासमोर धरला आणि आत पास आहे असं सांगितलं. त्यांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अडीचशे रुपये अधिक भाडं अशी पावती फाडली. जो फोन पालीला रात्रभर न विचारता वेळ सांगतो, तो विचारल्यावर पास दाखवू शकला नाही.

घरी आल्यावर मी १२० या आकड्याला जबाबदार धरलं. साधा हिशेब आहे, दुप्पट चित्रं तर दुप्पट वीज. घरात सर्वांनी हे मान्य केलं, कारण कोणाला त्यात रस नव्हता. फक्त भाचा फोनवर म्हणाला, "तसं नसतं, मामाजी. मोजून पाहा न." तरुण माणसाने वडीलधाऱ्यांना मोजायला लावणं हा उद्धटपणाच, पण अडीचशे रुपये गेले होते म्हणून मी वही काढली.

आधी रात्र मोजली. पद्धत अशी की फोन ऐंशी टक्क्यांवर आणायचा, विमानातला मोड लावायचा, म्हणजे नेटवर्क शोधण्यात जाणारी वीज हिशेबात येत नाही, आणि रात्री दहाला उताणा ठेवून सकाळी सहाला आकडा लिहायचा. शंभरावरून मोजणी सुरू करू नये. बरेच फोन शंभरावर उगाच रेंगाळतात आणि मग पहिला टक्का भलत्याच वेळी उतरतो. शिवाय एका टक्क्याच्या फरकाला काही किंमत देऊ नये. फोनचा टक्का हा अंदाज असतो, तलाठ्याचा सातबारा नसतो. (सातबाराबद्दलही मी खात्रीने बोलत नाही.)

पहिल्या रात्री घड्याळ बंद ठेवलं. आठ तासांत ऐंशीचे एकोणऐंशी झाले. दुसऱ्या रात्री घड्याळ चालू, सकाळी त्र्याहत्तर. तिसऱ्या रात्री पुन्हा बंद, पुन्हा एकोणऐंशी. चौथ्या रात्री चालू, त्र्याहत्तर. म्हणजे पालीच्या घड्याळाचा खर्च रात्रीला सहा टक्के, तासाला पाऊण टक्का. फोनची बॅटरी पाच हजार मिलिअँपिअर-तासांची. तिला ३.८५ व्होल्टने गुणलं तर साधारण १९ वॉट-तास होतात. त्याचे सहा टक्के म्हणजे साधारण १.१५ वॉट-तास, आठ तासांनी भागलं की ०.१४ वॉट. वर्षभर रात्रंदिवस घड्याळ चालवलं तरी सव्वा युनिट, चार्जरची गळती धरून दीड. वर्षाला दहा-पंधरा रुपये. वीजबिलाच्या नावाने या घड्याळावर राग काढता येणार नाही, याचं मला वाईट वाटलं.

पण पैशाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न सिंदीचा होता. आमच्या घरी फोन रात्री चार्जरवर राहू शकत नाही. दहा वाजता सौ. सगळ्या खोल्यांत फिरून सगळे स्विच बंद करते. जे लोक रात्रभर फोन लावून ठेवतात, त्यांना हे घड्याळ फुकट पडतं. मला ते रोज त्र्याण्णववर उठवतं.

दिवसाचा हिशेब आणखी वाईट निघाला. अंधाऱ्या खोलीत फोनला उजेड जाणवत नाही म्हणून घड्याळाचे अंक तो स्वतःच मंद करतो. ऑफिसात माझ्या टेबलावर दोन ट्यूबलाइट आहेत आणि खिडकी पश्चिमेला. तिथे अंक उजळतात आणि तासाला पाऊणाचा जवळजवळ एक टक्का होतो. साडेदहा ते साडेपाच फोन टेबलावर उताणा, म्हणजे सात टक्के. ऑफिसात भिंतीवर घड्याळ आहे, माझ्या मनगटावर आहे, शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दर अर्ध्या तासाला किती वाजले ते मोठ्याने सांगतात. फोन खिशात किंवा पालथा ठेवला तर बहुतेक फोन हे घड्याळ आपोआप विझवतात. पण पालथा फोन ठेवणारा माणूस काहीतरी लपवतो असं आमच्या ऑफिसात समजतात.

दरम्यान मला आणखी एक शंका आली होती. टेबलावरचं घड्याळ जागा बदलतं. सकाळी पाहिलं तर वरच्या बाजूला, दुपारी किंचित खाली, मग थोडं डावीकडे. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. नंबर तोच निघाला. नंतर समजलं की ते मुद्दाम सरकवलेलं असतं. या ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः जळतो, मागे वेगळा दिवा नसतो. म्हणून काळा भाग म्हणजे विझलेले ठिपके, त्यांना वीज जवळजवळ लागत नाही, आणि म्हणूनच असं घड्याळ परवडतं. जुन्या एलसीडी पडद्यात एवढ्याशा अंकांसाठी मागचा सगळा दिवा लावावा लागला असता. पण रोज तेच ठिपके जळले तर ते इतरांआधी म्हातारे होतात आणि पडद्यावर घड्याळाचा कायमचा डाग उमटतो. म्हणून ते थोडं थोडं हलवतात. घड्याळामागे भाच्याने दिवाळीतल्या सगळ्या कुटुंबाचा फोटो लावून दिला होता, तोही मी काढला. काळ्यावर पांढरे चार अंक वेगळे, आणि अठरा माणसं रात्रभर उजळवणं वेगळं.

मग १२० कडे वळलो. त्याच्या मोजणीसाठी फोनच्या पोटात एक गुप्त खोली निघाली. `Build number` वर सात वेळा टकटक करायचं, मग `Developer options` नावाचं दार उघडतं, आणि आत `Show refresh rate` चालू केलं की पडद्याच्या कोपऱ्यात त्या क्षणी सेकंदाला किती चित्रं चालली आहेत तो आकडा दिसतो. त्या खोलीत इतर बटणं खूप आहेत. त्यांना मी हात लावला नाही आणि तुम्हीही लावू नका.

तो आकडा बघून माझा संताप कमी झाला, ही माझी खरी तक्रार आहे. बोटाने बातमी सरकवली की कोपऱ्यात १२०. बोट उचलून वाचत बसलो की क्षणभराने ६०. व्हिडिओ लावला, ६०. म्हणजे हा पडदा सतत एकशेवीसने धावत नव्हताच. भाच्याने `Adaptive` निवडलं होतं, त्यात फोन हालचाल असेल तेव्हाच पळतो. भाच्याच्या महागड्या फोनमध्ये एलटीपीओ नावाचा पडदा आहे. काही हलत नसेल तर तो सेकंदाला एका चित्रापर्यंत खाली येतो, त्यामुळे त्याचं नेहमी चालू घड्याळही स्वस्तात चालतं. माझ्या फोनला साठाच्या खाली उतरायला जमत नाही. आमच्या घरात कोणालाच फार खाली उतरायला जमत नाही.

व्हिडिओच्या बाबतीत १२० चा एक फायदा कागदावर तरी आहे. सिनेमा अजूनही सेकंदाला २४ चित्रांचा असतो. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला तेव्हाही तेवढीच होती. त्याच वर्षी गांधीजी आमच्याकडे सेगावात राहायला आले, पण त्याचा सिनेमाशी संबंध नाही. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, प्रत्येक चित्र पाच वेळा दाखवलं की झालं. ६० ला जात नाही, त्यामुळे एक चित्र दोनदा, दुसरं तीनदा असं करावं लागतं आणि कॅमेरा हळू फिरतो तेव्हा किंचित धक्के जाणवतात. माझा फोन मात्र सिनेमा लावला की साठावर येऊन बसतो. ज्यासाठी घेतला तेवढंच तो करत नाही.

आता गाडीतली मोजणी. वर्धा ते नागपूर, खिडकीची जागा सोडून आतली, प्रकाश मधोमध, एक तास सलग बातम्या. `Adaptive` वर अकरा टक्के गेले. दुसऱ्या दिवशी `Standard` म्हणजे साठावर, त्याच वेळेला, तेवढाच तास, नऊ. दुप्पट चित्रांची किंमत तासाला दोन टक्के. जाता-येता मिळून चार. ज्या १२० ला मी महिनाभर खलनायक ठरवलं होतं तो चार टक्के खात होता, आणि जे घड्याळ बिचारं गप्प पडून होतं त्याने रात्रीचे सहा आणि ऑफिसचे सात असे तेरा खाल्ले होते.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण एप्रिलच्या एका रविवारी सेलूजवळ एका भाऊंच्या शेतात गेलो होतो. भाऊंकडे बटणांचा फोन आहे, तो ते पाच दिवसांनी एकदा चार्ज करतात, आणि पाचव्या दिवशी विसरले तर सहाव्या दिवशी. माझ्या फोनची सगळी कहाणी ऐकून त्यांनी विचारलं, "पन भाऊ, रातभर हा कोनाले टाइम दाखवते?" मी विषय बदलला आणि बांधावर उभा राहून व्हॉट्सअॅप वाचू लागलो. ऊन डोक्यावर होतं. पडद्यावरचं दिसावं म्हणून फोनने आपला उजेड स्वतःच वाढवला. हाताने सरकपट्टी शेवटपर्यंत ओढली तरी जेवढा मिळत नाही त्याहूनही जास्त वाढवला. अर्ध्या तासात आठ टक्के गेले. म्हणजे तासाला सोळा, आणि तेही साठाच्या सेटिंगवर. त्यानंतर फोन इतका तापला की त्याने उजेड आपण होऊन कमी केला आणि काहीच दिसेना. फोनसोबत आलेल्या कागदावर वापरण्याचं तापमान ० ते ३५ अंश असं छापलेलं आहे. मे महिन्यात वर्ध्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. थोडक्यात, हा फोन आमच्या जिल्ह्यात वर्षातले काही महिने फक्त घरात ठेवण्यासाठी आहे.

उन्हासाठी उपाय एकच सापडला, तोही अर्धा. पांढऱ्या पानाऐवजी काळं पान, म्हणजे डार्क मोड. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ साली ओएलईडी फोनवर हे मोजलं होतं. उजेड तीस ते पन्नास टक्के असेल तर काळ्या पानाने तीन ते नऊ टक्केच बचत होते, पण उजेड पूर्ण असेल तर एकोणचाळीस ते सत्तेचाळीस. म्हणजे रात्री अंथरुणात पडून डार्क मोड लावणारे जे मला बॅटरीचे सल्ले देतात, ते फार थोडं वाचवतात. तो लावायला हवा तो भर दुपारी शेताच्या बांधावर. फक्त काळ्या पानावरची बारीक अक्षरं उन्हात वाचता येत नाहीत.

यानंतर सिंदीच्या दिवसाची पुन्हा मांडणी करावी लागली. रात्रीचे सहा अधिक फोनचा स्वतःचा एक, सात. सकाळची गाडी अकरा. टेबलावरचं घड्याळ सात. फोन, निरोप, किरकोळ बावीस. दुपारी नागपुरात गाडीच्या हँडलला फोन अडकवून नकाशा बघत पाऊण तास उन्हात फिरलो होतो, त्याचे पंधरा. परतीच्या गाडीत सिंदीच्या अलीकडेपर्यंत दहा. बेरीज बहात्तर. अठ्ठावीस टक्क्यांचा पत्ता लागेना. बॅटरीच्या पानावर ॲपप्रमाणे खर्च दिसतो. तिथे पाहिलं तर त्या दिवशी दोन तास चाळीस मिनिटं एका क्रिकेट सामन्याची नोंद होती. हा आकडा मी वहीत लिहिलेला नाही. वही घरात कोणीही उघडतं.

अशा रीतीने १२० निर्दोष सुटला. त्याला मी तरीही `Standard` वरच ठेवला, कारण महिनाभर दिलेल्या शिव्या परत घेता येत नाहीत. पुढल्या सोमवारी मीच पुन्हा `Adaptive` केला. अक्षरं फरफटत होती.

घड्याळाला मात्र मी सोडलं नाही. रात्री दहाला ते कायमचं बंद केलं आणि समाधानाने झोपलो. सेवाग्रामच्या आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगोंनी बसवून दिलेला टेलिफोन अजून ठेवलेला आहे. त्यावर किती वाजले ते दिसत नाही. वेळ बघायला गांधीजींच्या कमरेला घड्याळ होतं. ते काढून बघायचे आणि परत लटकवायचे. त्यात कोणाचीही गैरसोय झाल्याचं ऐकिवात नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून सौ. ने विचारलं, "अहो, त्या फोनवरचं घड्याळ कुठे गेलं?" मी अभिमानाने सहा अधिक सात टक्क्यांचा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "चारला नळ येतो. मी डोळे उघडून त्यावर बघते आणि उठते. दोन दिवस पाणी भरलं नाही." दिवाळीपासून सहा महिने पालीबरोबर आणखी एक जण ते घड्याळ पाहत होती, आणि वहीत त्या रकान्यात मी शून्य लिहिलं होतं.

तडजोड म्हणून 'टकटक केल्यावरच दाखवा' असा पर्याय लावून पाहिला. त्यात टकटक केली की काही सेकंद घड्याळ दिसतं आणि विझतं, आणि रात्रीचा खर्च मोजण्याइतकाही येत नाही. पण फोनचं टेबल माझ्या उशाशी, आणि अंधारात फोन समजून तिने दोनदा माझ्या चष्म्यावर टकटक केली. मग वेळापत्रकाचा पर्याय सापडला, ठरल्या वेळेपुरतंच घड्याळ. साडेतीन ते साडेपाच. दोन तास, पाऊण टक्क्याने दीड टक्का. ऑफिसच्या वेळेत बंद. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली की साडेतीनला कशाला, तीन पन्नासला लावा, वीज वाया जाते.

आता रोज पहाटे तीन पन्नासला फोन उजळतो. पाल आधीपासूनच तिथे येऊन बसलेली असते.